थायरॉईडच्या तक्त्यातल्या न जुळणाऱ्या ओळी

एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला मेडिसिनच्या पेपरात एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतो. थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करू लागली तर काय लक्षणं दिसतात आणि कमी काम करू लागली तर काय दिसतात, याची अवयवसंस्थांनुसार तुलना करा. विद्यार्थ्यांना हा प्रश्न आवडतो. पानाच्या मधोमध रेघ मारायची, डावीकडे ‘हायपर’ लिहायचं, उजवीकडे ‘हायपो’, आणि बाजूला एकाखाली एक हृदय, त्वचा, पचन, मज्जासंस्था, स्नायू, पाळी, डोळे असं लिहीत जायचं. परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या उजळणीसाठी याहून सोयीचा प्रश्न नाही, कारण एक रकाना पाठ केला की दुसरा आपोआप भरता येतो, असं त्यांना वाटतं. वजन घटतं, वजन वाढतं. उकडतं, थंडी वाजते. जुलाब, बद्धकोष्ठ. नाडी जलद, नाडी मंद.

मी एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिन शिकवते आणि विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासते. हा तक्ता समोर आला की मी पहिल्या ओळींवर वेळ घालवत नाही. वजन, उकाडा, नाडी या ओळी जवळजवळ सगळ्यांच्या बरोबर असतात. माझी नजर आधी जाते ती रक्तदाबाच्या ओळीवर आणि मग पाळीच्या. या दोन ओळींतून कळतं की विद्यार्थ्यानं आजार वाचलाय की नुसता एक रकाना उलटा करून दुसरा लिहिलाय.

पाळीचं उदाहरण आधी घेते, कारण ते सोपं आहे. डावीकडे सगळंच जास्त लिहीत आलेला मुलगा तिथेही सवयीनं ‘रक्तस्राव जास्त’ लिहितो आणि उजवीकडे ‘कमी’. प्रत्यक्षात बहुधा याच्या विरुद्ध होतं. हार्मोन जास्त असलेल्या बाईची पाळी विरळ होते, अंगावर कमी जातं, कधी पाळी बंदच होते. हार्मोन कमी असलेल्या बाईला मात्र जास्त दिवस आणि जास्त जातं. तिच्यात बीजांड वेळेवर सुटत नाही, गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं आणि मग अवेळी, भरपूर सुटतं. रक्त गोठवणारे काही घटकही कमी झालेले असतात. आमच्या ओपीडीत हिमोग्लोबिन सात-आठवर आलेली, लोहाच्या गोळ्या घेऊन थकलेली बाई स्त्रीरोग विभागाकडून येते. टीएसएच तपासावं तर ते साठच्या घरात निघतं. नेहमीची पातळी साधारण 0.4 ते 4 असते. तिचा आजार तक्त्याच्या उजव्या रकान्यात असतो, आणि ज्या मुलानं ती ओळ उलटी लिहिली त्याला ती बाई समोर बसूनही दिसणार नाही.

रक्तदाबाची ओळ यापेक्षा खोल आहे. डावीकडे ‘बीपी वाढलेलं’, उजवीकडे ‘बीपी कमी’ असं लिहिलेलं मी नेहमी वाचते. रक्तदाबाचे आकडे दोन असतात हे त्यात हरवून जातं. थायरॉईडचं हार्मोन वाढलं की शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या सैल होतात. एक तर हार्मोनचा त्यांच्या स्नायूंवर थेट परिणाम होतो, आणि शिवाय शरीरात तयार होणारी जास्तीची उष्णता बाहेर टाकायला त्वचेकडे रक्त पाठवावं लागतं. वाहिन्या सैल झाल्या की खालचा आकडा उतरतो. हृदय मात्र जोरात आणि जलद चालतं, त्यामुळे वरचा आकडा चढतो. म्हणून अशा रुग्णाचं बीपी 150 आणि 60 असं मिळतं. नाडीवर बोट ठेवलं तर ती उसळून लागते, तळहात गरम आणि ओलसर लागतो.

हार्मोन कमी झालं की वाहिन्या आवळतात. हृदय सावकाश आणि कमी जोरानं चालतं, त्यामुळे वरचा आकडा फारसा हलत नाही, पण खालचा चढतो. 130 आणि 100 असं बीपी घेऊन येणारी, चेहरा सुजट, आवाज घोगरा झालेली बाई अनेकदा नुसत्या बीपीच्या गोळ्यांवर असते. म्हणजे उजव्या रकान्यात ‘बीपी कमी’ लिहिणं चूक आहे, आणि डावीकडे नुसतं ‘बीपी जास्त’ लिहिणं अर्धवट आहे. बरोबर उत्तर असं, की डावीकडे दोन आकड्यांमधलं अंतर रुंदावतं आणि उजवीकडे ते आकसतं. एवढं एक वाक्य लिहिणाऱ्याला मी त्या ओळीचे पूर्ण गुण देते, बाकीचं अक्षर कितीही वाईट असलं तरी.

हृदयाच्या ओळीत आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांना मी वॉर्डात दाखवते. डावीकडच्या रुग्णाला आपण सुरुवातीला दोन औषधं देतो. प्रोप्रॅनोलॉलनं धडधड आणि हाताचा कंप एक-दोन दिवसांत उतरतो. कार्बिमॅझोलचा गुण दिसायला मात्र दोन-तीन आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. विद्यार्थी विचारतात, रक्तातलं हार्मोन तेवढंच असताना रुग्णाला आधीच बरं का वाटतं? कारण हार्मोन वाढलं की हृदयावरचे बीटा रिसेप्टर वाढतात आणि शरीरातलं नेहमीचंच अ‍ॅड्रिनॅलिन जास्त परिणाम करू लागतं. प्रोप्रॅनोलॉल ते रिसेप्टर अडवतं. ग्रंथीतला कारखाना कार्बिमॅझोल बंद करतं, पण ग्रंथीच्या कोठारात आधीच तयार माल भरलेला असतो आणि रक्तातल्या टी-फोरचं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण आठवडा जातो. हे समजलं की डाव्या रकान्यातली लक्षणं दोन गटांत पडतात. धडधड, कंप, घाम, पापणी वर ओढली जाणं ही अ‍ॅड्रिनॅलिनच्या वाटेनं येणारी, लवकर शमणारी. वजन घटणं, स्नायू झिजणं, हाडं विरळ होणं ही थेट हार्मोनची, सावकाश भरून येणारी. हा फरक मी पुढे एका आजींच्या गोष्टीत वापरणार आहे.

मज्जासंस्थेच्या ओळीत सगळे लिहितात : डावीकडे रिफ्लेक्स तीव्र, उजवीकडे मंद. ‘मंद’ या शब्दावर मी थांबते. रुग्णाला खुर्चीवर गुडघे टेकवून उभं करायचं, पावलं काठाबाहेर लोंबती ठेवायची आणि टाचेवरच्या जाड शिरेवर हातोडी मारायची. उजव्या रकान्यातल्या रुग्णाचं पाऊल खाली झटका देतं, अगदी व्यवस्थित देतं, पण परत जागेवर यायला वेळ घेतं. आकुंचनापेक्षा सैल होण्यातली दिरंगाई डोळ्यांना जास्त दिसते. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा पेशीच्या आत कॅल्शियम मोकळं सुटतं, आणि सैल व्हायचं तर तेच कॅल्शियम पंपानं परत आत भरावं लागतं. तो पंप किती बनवायचा हे थायरॉईडच्या हार्मोनवर ठरतं. हार्मोन कमी म्हणजे पंप कमी, आणि स्नायू सैल व्हायला उशीर.

हाच पंप हृदयाच्या स्नायूतही असतो. तिथेही हार्मोन कमी झालं की दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय नीट सैल होत नाही आणि त्यात रक्त भरायला अडचण येते. हे सांगितलं की वर्गात नेहमी कुणीतरी मान वर करून बघतं, कारण त्यांच्या वहीत टाचेची हातोडी एका ओळीत असते आणि हृदयाचं भरणं चार ओळी वर. अवयवसंस्थांनुसार तक्ता लिहिल्यानं पाठ करणं सोपं होतं, पण एकच कारण दोन-तीन ओळींत विखरून जातं. म्हणून उजळणीच्या तक्त्याला मी एक तिसरा, अरुंद रकाना जोडायला लावते आणि त्यात एकेका शब्दात कारण लिहायला सांगते : पंप, बीटा, वाहिन्या, उष्णता. पाच-सहा शब्दांतच सगळ्या ओळी बसतात. परीक्षेत तो रकाना लिहायला वेळ मिळाला नाही तरी चालतं. उजळणी करताना तो असला की उत्तर उलटं लिहिलं जात नाही.

आता ज्या ओळींमुळे हा लेख लिहावासा वाटला त्यांच्याकडे येते. काही ओळी अशा आहेत ज्यांत दोन्ही रकान्यांत तेच लिहावं लागतं. थकवा दोन्हीकडे आहे. केस गळणं दोन्हीकडे आहे. चालल्यावर दम लागणं दोन्हीकडे आहे. मूल न राहणं दोन्हीकडे आहे. मांडीच्या आणि खांद्याच्या स्नायूंतली कमजोरी दोन्हीकडे आहे. ज्यांना जमिनीवरून उठताना हाताचा टेकू घ्यावा लागतो, वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही, असे रुग्ण दोन्ही बाजूंनी येतात. विद्यार्थी या ओळी गाळतात, कारण विरुद्ध शब्द सापडत नाही. काही जण तर विरुद्ध शब्द बनवतात. ‘डावीकडे उत्साह, उजवीकडे थकवा’ हे मी कित्येकदा वाचलंय. हार्मोन वाढलेला माणूस चुळबुळ करतो, पण उत्साही क्वचितच असतो. त्याला रात्री झोप नसते आणि सकाळी पाय उचलत नाहीत.

या ओळींसाठी मी मधली रेघ पुसायला सांगते. दोन्ही रकाने जोडून एकच लांब चौकट करायची आणि तिच्यात लक्षण लिहायचं. मग खाली, वेगळं करायला काय वापराल ते लिहायचं. स्नायूंच्या कमजोरीत सीपीके ही रक्ततपासणी उपयोगी पडते. हार्मोन कमी असलेल्यांत ती वाढलेली मिळते, कधी खूपच, तर हार्मोन जास्त असलेल्यांत बहुधा नॉर्मल असते. हे व्यवहारात किती लागतं ते सांगते. पन्नाशीच्या एका गृहस्थांचं कोलेस्टेरॉल 290 निघालं म्हणून कुणीतरी स्टॅटिन सुरू केलं होतं. महिन्याभरात मांड्या इतक्या दुखायला लागल्या की जिना चढवेना. सीपीके हजाराच्या वर गेलेलं. तक्त्यात कोलेस्टेरॉल ही ओळ रक्ताच्या तपासण्यांत येते, उजवीकडे ‘वाढलेलं’ म्हणून, आणि स्नायू वेगळ्या ओळीत. हार्मोन कमी असताना यकृत रक्तातलं एलडीएल नीट उचलत नाही म्हणून कोलेस्टेरॉल चढतं, आणि त्याच वेळी स्नायू आधीच नाजूक झालेले असल्यानं स्टॅटिन त्यांना सोसत नाही. त्यांचं टीएसएच केलं, ते वाढलेलंच होतं. स्टॅटिन थांबवून थायरॉक्सिन सुरू केल्यावर दुखणं गेलं आणि कोलेस्टेरॉलही बरंच उतरलं. स्टॅटिन लिहिण्याआधी टीएसएच बघावं, ही गोष्ट माझ्या विद्यार्थ्यांना त्या दोन ओळी एकत्र वाचल्यामुळे लक्षात राहते.

सगळ्या ओळींचं वजन सारखं नसतं, हेही तक्त्यातून कळत नाही. रक्तात हार्मोन थेट मोजता येत नव्हतं त्या काळात डॉक्टरांना याचा विचार करावाच लागला. 1959 मध्ये ब्रिटनमध्ये क्रुक्स, मरे आणि वेन यांनी हार्मोन वाढलंय का हे ठरवायला एक गुणपत्रक बनवलं. ते आजही ‘वेन इंडेक्स’ म्हणून शिकवलं जातं. त्यात प्रत्येक लक्षणाला अधिक किंवा उणे गुण आहेत. बेरीज 19 च्या वर गेली तर आजार आहे, 11 च्या खाली राहिली तर नाही, मधे आली तर संशय. सगळ्यात जास्त गुण कशाला असावेत? विद्यार्थी सांगतात, धडधडीला. धडधडीला फक्त 2 आहेत आणि हातांच्या कंपाला तर 1. सर्वांत जास्त, 5, आहेत थंडी आवडू लागण्याला. डिसेंबरात पंखा लावून झोपणाऱ्या माणसाची ही तक्रार इतर कुठल्या आजारात सहसा मिळत नाही, आणि चिंतेनं धडधडणारी, थरथरणारी माणसं मात्र ओपीडीत रोज येतात. थकव्याला 2 गुण आहेत, अधिकच्या बाजूनं. ज्यांनी हे पत्रक बनवलं त्यांना थकवा डाव्या रकान्यातही असतो हे चांगलं ठाऊक होतं.

त्या आजी या पत्रकाच्या संदर्भात मला नेहमी आठवतात. सत्तरी ओलांडलेल्या, शेतकरी कुटुंबातल्या. मुलगा घेऊन आला होता. तो म्हणाला, “मॅडम, आई जेवत नाही, बोलत नाही. नुसती भिंतीकडं तोंड करून बसती.” सहा महिन्यांत वजन 52 किलोवरून 43 वर आलं होतं. क्षयाच्या तपासण्या झाल्या होत्या, पोटाचा कॅन्सर शोधून झाला होता, आणि शेवटी नैराश्य म्हणून गोळ्या सुरू झाल्या होत्या. पोट साफ होत नव्हतं. उकडतं का विचारलं तर “तसं काही नाही,” थंडी वाजते का, तरी “तसं काही नाही.” जेवणाची वासना नाही, बद्धकोष्ठ आहे, माणूस मंदावलाय, चेहऱ्यावर काही उमटत नाही. युनिटमधल्या विद्यार्थिनीला मी तक्ता डोळ्यांपुढे आणायला सांगितलं. ती म्हणाली, “मॅडम, सगळं उजवीकडचं आहे. फक्त वजन डावीकडचं.”

“आता हात लावून बघ,” मी म्हटलं. तिनं नाडी बघितली. शंभराच्या पुढे, आणि ठोक्यांना कसलाही नेम नाही. बीपी 148 आणि 62. हात कोरडे, गरमही नाहीत. बोटांना कंप नाही. डोळ्यांत काही नाही. पाण्याचा घोट घेताना गळ्यावर बोटं ठेवल्यावर डाव्या बाजूला गाठी लागल्या, आणि खालची कड छातीच्या हाडामागे जाणारी वाटली. पलंगावरून हात न टेकता उठायला सांगितलं तर आजींना उठता आलं नाही. इसीजीत एट्रियल फिब्रिलेशन होतं.

आम्ही तिथेच वेन इंडेक्सची बेरीज केली. भूक कमी झाली, उणे 3. वजन घटलं, अधिक 3. चालल्यावर दम लागतो, 1. थकवा, 2. ग्रंथी हाताला लागते, 3. तिच्यावर स्टेथोस्कोपनं आवाज येत नाही, उणे 2. हालचालीत धांदल नाही, उणे 2. हात गरम नाहीत, उणे 2. ओलसर नाहीत, उणे 1. एट्रियल फिब्रिलेशन, 4. नाडी नव्वदच्या वर, 3. बेरीज आली 6. पत्रक सांगत होतं की आजार नाही. दुसऱ्या दिवशी टीएसएचचा रिपोर्ट आला, 0.01 पेक्षा कमी. फ्री टी-फोर 2.6 होतं, आमच्या प्रयोगशाळेची वरची मर्यादा 1.8. पुढे ग्रंथीच्या स्कॅनमध्ये काही गाठी जास्त हार्मोन बनवताना दिसल्या.

म्हातारपणी हा आजार असा येतो, हे 1931 मध्ये बोस्टनचे शल्यचिकित्सक फ्रँक लेही यांनी वर्णन करून ठेवलं आहे. वर मी डाव्या रकान्याचे दोन गट पाडले होते. वय वाढतं तसा शरीराचा अ‍ॅड्रिनॅलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावतो. त्यामुळे पहिला गट, म्हणजे कंप, घाम, चुळबुळ, पापणीचं वर जाणं, हा पुसट होतो किंवा दिसतच नाही. दुसरा गट मात्र उरतो : वजन, स्नायू, हाडं, आणि हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा बिघडलेला ताल. वेन इंडेक्समधली पुष्कळशी लक्षणं पहिल्या गटातली आहेत, म्हणून आजींची बेरीज खाली राहिली. बीपीची ओळ मात्र तशीच होती. 148 आणि 62, रुंद अंतर. वयानुसार वाहिन्या कडक होऊनही असं अंतर पडतं, त्यामुळे त्या एका आकड्यावर निदान करता येत नाही. पण वजन घटलेल्या, ताल बिघडलेल्या, मांड्या कमजोर झालेल्या बाईत तो आकडा बाकीच्यांशी जुळत होता.

आजींना कार्बिमॅझोल आणि कमी मात्रेत प्रोप्रॅनोलॉल दिलं, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून औषध दिलं. कार्बिमॅझोल घेताना घसा दुखून ताप आला तर गोळी थांबवून लगेच पांढऱ्या पेशी तपासायला यायचं, हे मुलाला समजावून त्याच्याकडून म्हणवून घेतलं. गाठी औषधानं कायमच्या बऱ्या होत नाहीत, म्हणून काही महिन्यांनी रेडिओआयोडीन दिलं. वजन वाढू लागलं त्याच्याही आधी त्या बोलायला लागल्या होत्या. नैराश्याच्या गोळ्या मानसोपचार विभागानं नंतर हळूहळू बंद केल्या.

डोळ्यांच्या ओळीबद्दल एवढंच सांगायचं, की ती इतर ओळींसारखी हार्मोनची ओळ नाही. पापणी वर ओढली जाणं आणि नजर खाली नेताना ती मागे राहणं हे हार्मोन वाढलेल्या कुणातही दिसू शकतं. डोळे बाहेर येणं, दोन-दोन दिसणं, डोळ्याचा पांढरा भाग सुजणं हे मात्र ग्रेव्ह्ज आजाराचं आहे. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी 1835 मध्ये वर्णन केलेल्या या आजारात शरीराच्या प्रतिकारशक्तीतली अँटिबॉडी ग्रंथीला चेतवते आणि डोळ्यामागच्या पेशींवरही परिणाम करते. नडगीवरची जाड होणारी त्वचाही त्याच आजाराची. म्हणून हार्मोन नॉर्मल झाल्यावरही डोळे तसेच राहू शकतात, आणि रुग्ण विचारतो की गोळ्या रोज घेतो तरी डोळे का बसत नाहीत. ज्यानं तक्त्यात ‘डोळे बाहेर येणं’ याच्यापुढे ‘फक्त ग्रेव्ह्जमध्ये’ असं लिहिलंय त्याला रुग्णाला उत्तर देता येईल. आजींच्या डोळ्यांत काही नव्हतं, कारण त्यांचा आजार गाठींचा होता, ग्रेव्ह्जचा नव्हता. गलगंडाचंही तसंच आहे. ग्रंथी वाढलेली दोन्ही रकान्यांत सापडते, आणि हार्मोन अगदी बरोबर असलेल्यांतही सापडते.

टीएसएचची ओळ तक्त्याच्या शेवटी येते आणि विद्यार्थी ती निर्धास्तपणे लिहितात : डावीकडे कमी, उजवीकडे जास्त. बहुतेक रुग्णांत हे खरं आहे. पण टीएसएच मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीतून येतं, आणि तीच बिघडली तर उजव्या रकान्यातली सगळी लक्षणं असूनही टीएसएच कमी किंवा नॉर्मल मिळतं. बाळंतपणात खूप रक्तस्राव झालेली, त्यानंतर दूध न आलेली, पाळी परत न आलेली, वर्षानुवर्षं थकलेली बाई आपल्याकडे अजून भेटते. तिचं नुसतं टीएसएच करून ‘थायरॉईड नॉर्मल’ असं लिहून घरी पाठवलं तर निदान चुकतं. सोबत फ्री टी-फोर हवं, आणि थायरॉक्सिन देण्याआधी कॉर्टिसॉल बघायला हवं. कॉर्टिसॉल कमी असताना आधी थायरॉक्सिन दिलं तर ती बाई धोक्यात येते.

परीक्षेत या प्रश्नाला दहा-बारा मिनिटं मिळतात. त्यात मी सांगितलेलं सगळं लिहिता येणार नाही आणि लिहूही नये. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना माझं सांगणं असं, की तक्ता काढा, पण थकवा, केस, दम, स्नायू आणि वंध्यत्व या ओळींत मधली रेघ मारू नका. रक्तदाबाचे दोन्ही आकडे लिहा. पाळीची ओळ उलटी लिहू नका. डोळ्यांपुढे आजाराचं नाव लिहा. खाली दोन ओळी सोडून ‘वृद्धांमध्ये वेगळं’ असं एक वाक्य टाका. आणि माझ्याबरोबर पेपर तपासणाऱ्या सहकाऱ्यांना विनंती अशी, की नमुना उत्तरात ही चौकट नसली तरी जोडलेली चौकट दिसली तर तिला गुण द्या. ती अपूर्ण ओळ नाही, बरोबर उत्तर आहे.